तीन तासांची रांगोळी, एका मिनिटात

‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट काढण्याच्या आधी दादासाहेब फाळके यांनी एक छोटी चित्रफीत तयार केली होती. १९१२ सालची ही गोष्ट. फितीचे नाव ‘अंकुराची वाढ’. कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा एकाच जागी ठेवला आणि रोप जसजसे वाढेल तसतशी एकेक फ्रेम टिपली. अनेक दिवसांची वाढ पडद्यावर मिनिटभरात दिसू लागली. फाळक्यांनी हीच फीत दाखवून पुढच्या चित्रपटासाठी पैसा उभा केला.

आज ज्याला आपण टाइमलॅप्स म्हणतो तो हाच प्रकार. फाळक्यांना मात्र एक निर्णय आधीच घ्यावा लागला होता : दोन फ्रेममध्ये अंतर किती ठेवायचे? एकदा ते ठरले की मधल्या वेळात काय घडले ते फितीवर नाही, आणि नंतर ते कुठूनही आणता येत नाही. आता दुसराही रस्ता उपलब्ध आहे. कॅमेरा किंवा मोबाइल तिवईवर लावायचा, नेहमीसारखे व्हिडिओ रेकॉर्डिंग सुरू करायचे आणि काम संपेपर्यंत चालू ठेवायचे. सगळे घडलेले जसेच्या तसे नोंदले जाते. अंतर किती, वेग किती, कुठे थांबायचे, हे सारे नंतर एडिटिंगच्या टेबलावर ठरवता येते. आणि वेगाइतकीच महत्त्वाची दुसरी एक गोष्टही तिथेच ठरते. प्रत्येक फ्रेममध्ये किती काळ मिसळायचा, ही ती गोष्ट. बहुतेक जण नेमके तिच्याकडे दुर्लक्ष करतात.

यासाठी एक उदाहरण शेवटपर्यंत सोबत घेऊ. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेसाठी डोंबिवली, ठाणे, गिरगाव अशा ठिकाणी रस्त्यावर, चौकात मोठमोठ्या रांगोळ्या काढतात. समजा, अशा एका रांगोळीचे वरून चित्रीकरण केले आहे. आधी दोरी आणि खडूने वर्तुळे, मग चाळणीने आणि हाताने रंग भरणे, आणि शेवटी त्या रंगांवर पांढऱ्या रेघा. एकूण वेळ ३ तास २० मिनिटे. यातून एक मिनिटाची फिल्म करायची आहे.

आधी हिशोब

३ तास २० मिनिटे म्हणजे १२,००० सेकंद. व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमचा असेल, तर हातात ३ लाख फ्रेम आहेत. एक मिनिटाच्या फिल्मला लागतात फक्त १,५००. म्हणजे सरासरी वेग दोनशे पट. फिल्ममधली प्रत्येक फ्रेम मूळ चित्रीकरणातल्या २०० फ्रेमची, म्हणजेच आठ सेकंदांची, प्रतिनिधी आहे.

हा ‘आठ सेकंद’ आकडा लक्षात ठेवायचा. टाइमलॅप्स चांगला होणार की वाईट, हे त्या आठ सेकंदांचे आपण काय करतो यावर ठरते.

सोपा उपाय म्हणजे दोनशेतली एक फ्रेम ठेवायची आणि बाकीच्या १९९ टाकून द्यायच्या. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लिपचा वेग वाढवला की बहुतेक वेळा हेच होते. प्रीमियरमध्ये या पर्यायाचे नाव `Frame Sampling` असे दिसते. काम झटपट होते आणि प्रत्येक फ्रेम लख्ख असते.

अडचण पुढे येते. कॅमेऱ्याचा शटर १/५० सेकंदावर असेल, तर आठ सेकंदांपैकी आपण फक्त एका सेकंदाचा पन्नासावा भाग दाखवतो आहोत. तेवढ्यात रांगोळी काढणारीचा हात योगायोगाने जिथे असेल तिथे तो दिसतो. पुढच्या फ्रेममध्ये तो भलतीकडेच. त्यापुढच्या फ्रेममध्ये नाहीच, कारण तेव्हा ती रंगाचे पातेले घ्यायला मागे वळलेली. सेकंदाला २५ वेळा हात असा इथून तिथे उडाला की डोळ्यांना गती दिसत नाही, थरथर दिसते. रांगोळी खरे तर शांतपणे फुलत असते, पण लक्ष त्या उड्या मारणाऱ्या हाताकडेच जाते. बांधकामाच्या किंवा बाजाराच्या टाइमलॅप्समध्ये माणसे मुंग्यांसारखी तुरुतुरु धावताना दिसतात, त्याचे कारणही हेच.

टाकण्याऐवजी मिसळणे

दुसरा मार्ग म्हणजे फ्रेम टाकून न देता त्यांची सरासरी काढणे. प्रत्येक फ्रेम म्हणजे लाखो ठिपक्यांचा तक्ता, आणि प्रत्येक ठिपक्याला रंगाचा आकडा असतो. शंभर फ्रेममधल्या त्याच जागच्या ठिपक्याचे शंभर आकडे बेरजेला घ्यायचे, शंभराने भागायचे आणि आलेले उत्तर नव्या फ्रेममध्ये त्या जागी ठेवायचे. फ्रेम ब्लेंडिंग म्हणतात ते हेच.

याचा परिणाम कसा दिसतो हे समजण्यासाठी डोक्यावर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहावे. पाती वेगळी दिसत नाहीत. एक पुसट चकती दिसते आणि तिच्यातून छत दिसते. पाते एखाद्या जागी जितका वेळ असते तितकीच ती जागा पात्याच्या रंगाची होते. सरासरीच्या फ्रेममध्येही हेच घडते. एखादी वस्तू त्या चार सेकंदांपैकी जितका हिस्सा एका जागी थांबली, तितकीच ती तिथे ठळक उमटते. पूर्ण वेळ थांबली तर भरीव, निम्मा वेळ थांबली तर अर्धी पारदर्शक, शंभरातल्या एका फ्रेमपुरती आली तर एक टक्का, म्हणजे डोळ्यांना जवळजवळ अदृश्य.

आता रांगोळीकडे परत या. जमीन हलत नाही, पडलेला रंग हलत नाही. म्हणून रांगोळी पूर्ण रेखीव राहते. हात सतत हलतो, म्हणून तो धुक्यासारखा विरळ होतो आणि त्या धुक्याखालून रेघ उमटताना दिसते. मध्येच कॅमेऱ्यासमोरून उडालेला कावळा नाहीसा होतो. काठावर उभे राहून गप्पा मारणारे दोघे मात्र ठळक दिसतात, कारण ते खरोखरच तिथे थांबले होते. कॅमेरा क्षण दाखवतो, सरासरी मुक्काम दाखवते. टाइमलॅप्सला बहुतेक वेळा मुक्कामच दाखवायचा असतो.

याबरोबर एक फायदा आपोआप पदरात पडतो. कमी उजेडात घेतलेल्या व्हिडिओवर दाणे वळवळताना दिसतात. हे दाणे प्रत्येक फ्रेममध्ये वेगवेगळ्या जागी पडतात, त्यामुळे सरासरीत ते एकमेकांना खोडतात. ते फ्रेमच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होतात : १६ फ्रेम मिसळल्या तर चौथा हिस्सा उरतो, १०० मिसळल्या तर दहावा. पहाटेच्या दिव्याच्या उजेडात मोबाइलने काढलेले चित्रीकरणही त्यामुळे बरेच स्वच्छ दिसते.

सगळ्या मिसळायच्या की निम्म्या?

दोनशे फ्रेम हाताशी आहेत म्हणून दोनशेही मिसळाव्यात का? इथे सिनेमाच्या कॅमेऱ्याचा जुना संकेत कामी येतो. त्या कॅमेऱ्यात अर्धवर्तुळाकार शटर फिरत असे. एका फ्रेमला मिळणाऱ्या वेळापैकी निम्मा वेळ फिल्मवर प्रकाश पडे आणि निम्मा वेळ शटर बंद राही, तेवढ्यात फिल्म पुढे सरके. म्हणून सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर १/५० ठेवतात. गतीचा इतका पुसटपणा पाहण्याची आपल्या डोळ्यांना सवय झाली आहे.

टाइमलॅप्सलाही तोच निम्म्याचा नियम लावून पाहावा. दोनशे पट वेग असेल तर प्रत्येक दोनशेतल्या सलग शंभर फ्रेम मिसळायच्या आणि उरलेल्या शंभर सोडायच्या. हालचाल जोडलेली वाटते, पण चित्र गुळगुळीत होत नाही. पूर्ण दोनशे मिसळल्या तर हालचाल अधिक मऊ होते. ढग, समुद्राची भरती, धुके यांना ते शोभते. पण माणसे इतकी विरतात की काम आपोआप होत असल्यासारखे वाटते. उलट दोनशेतल्या दहा-वीसच मिसळल्या तर हात ओळखू येतो, पण थरथर परत येते. हा प्रमाणाचा निर्णय कॅमेऱ्याने अंतर ठेवून काढलेल्या फोटोंमध्ये उरत नाही, तो शटर दाबतानाच झालेला असतो. सलग चित्रीकरणात तो मागाहून हवा तसा घेता येतो, आणि नाही आवडला तर बदलता येतो. सलग चित्रीकरण करण्याचे खरे कारण हेच आहे.

वेग एकच नको

पूर्ण रांगोळी सरसकट दोनशे पट पळवली तर काय होते पाहा. खडूची वर्तुळे ४० मिनिटे चालली, त्यांना मिळतात १२ सेकंद. रंग भरणे २ तास २० मिनिटे, त्याला ४२ सेकंद. आणि पांढऱ्या रेघा, ज्यांनी रांगोळी उठून दिसते, त्या २० मिनिटांत झाल्या म्हणून त्यांना अवघे ६ सेकंद. प्रेक्षकाला जे पाहायचे आहे तेच सर्वांत कमी वेळ दिसते. घड्याळाने केलेली वाटणी आणि प्रेक्षकाला हवी असलेली वाटणी सहसा जुळत नाही.

म्हणून भाग पाडायचे. वर्तुळे दोनशे पटच ठेवू : १२ सेकंद. रंग भरणे तीनशे पट : ८,४०० सेकंदांचे होतात २८. पांढऱ्या रेघा ७५ पट : १,२०० सेकंदांचे १६. शेवटची रेघ संपवून हात झटकत ती उठते, ते ४ सेकंद खऱ्या वेगात. बेरीज बरोबर एक मिनिट.

वेग बदलला की मिसळण्याचा आकडाही बदलायला हवा. तीनशे पटीला निम्म्या म्हणजे १५०, पंचाहत्तर पटीला ४० च्या आसपास, आणि खऱ्या वेगाला काहीच नाही. सगळीकडे एकच आकडा ठेवला तर एका भागात हालचाल रेशमी आणि दुसऱ्यात झटकेदार दिसते. प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण जोड खटकतो.

जोडावर वेग हळूहळू उतरवायचा असेल तर आणखी एक बारकावा आहे. ७५ वरून १ वर सरळ रेषेत उतरलो, प्रत्येक फ्रेमला साधारण दोनने कमी करत, तर सुरुवातीला फरक जाणवतच नाही. ७५ आणि ७३ डोळ्यांना सारखेच. शेवटी मात्र पाचावरून तीन, तीनावरून एक, असा वेग एकेका फ्रेममध्ये जवळपास निम्मा होतो आणि कुणी करकचून ब्रेक मारल्यासारखे वाटते. डोळ्यांना वजाबाकी कळत नाही, पट कळते. म्हणून उतरताना दर टप्प्याला वेग निम्मा करायचा : ७५, ३७, १८, ९, ४, २, १. प्रत्येक टप्प्याला सहाएक फ्रेम दिल्या की दीड सेकंदाच्या आत उतार पूर्ण होतो आणि त्यात खऱ्या घटनेची सुमारे सतरा सेकंद खर्ची पडतात. एडिटिंगमध्ये वेगाची वक्ररेषा ओढता येत असेल तर ती सुरुवातीला तीव्र उतरणारी आणि शेवटाकडे सपाट होत जाणारी हवी.

प्रत्यक्ष काम

वेग वाढवताना `Frame Blending` असा पर्याय अनेक सॉफ्टवेअरमध्ये असतो. तो निवडला की काम झाले असे वाटते, पण नेहमी होत नाही. हा पर्याय काही ठिकाणी फक्त शेजारच्या दोन फ्रेम मिसळतो. दोनशे पट वेगात दोन फ्रेम मिसळून काहीही साधत नाही, एका हाताचे दोन पुसट हात होतात इतकेच. आपले सॉफ्टवेअर काय करते ते तपासणे सोपे आहे. भिंतीसमोरून चालणाऱ्या माणसाचा छोटा व्हिडिओ घ्यावा, तो सोळा पट करावा, ब्लेंडिंग लावावे आणि एका फ्रेमवर थांबून आकृत्या मोजाव्यात. दोनच दिसल्या तर त्या पर्यायावर अवलंबून राहता येणार नाही. त्याच यादीत दिसणारा `Optical Flow` इथे कामाचा नाही. दोन फ्रेमच्या मध्ये नसलेली फ्रेम कल्पनेने तयार करणे हे त्याचे काम, आणि ते संथ गती करताना लागते. आपल्याकडे फ्रेमचा तुटवडा नाही, सुकाळ आहे.

खात्रीचा आणि फुकटचा मार्ग एफएफएमपेग हा आहे. यात खिडक्या-बटणे नाहीत, एक ओळ टाइप करायची. दोनशे पट वेग आणि निम्म्या फ्रेमचे मिश्रण हवे असेल तर ती ओळ अशी :

```
ffmpeg -i rangoli.mp4 -an -vf "tmix=frames=10,framestep=10,tmix=frames=10,framestep=20,setpts=PTS/200" -r 25 rangoli_200.mp4
```

ओळ दिसते अवघड, पण वाचायला साधी आहे. `-an` आवाज काढून टाकतो, कारण दोनशे पट वेगातला आवाज कुणालाच नको असतो. पहिला `tmix` दहा फ्रेमची सरासरी काढतो आणि `framestep=10` दर दहातली एकच पुढे जाऊ देतो. दुसरा `tmix` अशा दहा सरासऱ्यांची पुन्हा सरासरी काढतो, म्हणजे मूळच्या शंभर फ्रेम एकत्र आल्या. त्यापुढचा `framestep=20` वीसातली एक ठेवतो, म्हणजे एकूण वेग दहा गुणिले वीस, दोनशे. `setpts` उरलेल्या फ्रेमना नव्या वेळा देतो. एकदम शंभराची सरासरी न काढता दोन टप्प्यांत काढल्यामुळे संगणकाचे काम पुष्कळ वाचते. तीनशे पटीसाठी दुसऱ्या टप्प्यात १५ आणि ३०, आणि शेवटी `PTS/300`. पंचाहत्तर पटीसाठी पहिल्या टप्प्यात ५ आणि ५, दुसऱ्यात ८ आणि १५, शेवटी `PTS/75`. म्हणजे ७५ पैकी ४० फ्रेम मिसळल्या.

मग ही तीन पटींची तीन तयार चित्रीकरणे आणि मूळ चित्रीकरण टाइमलाइनवर घ्यायचे आणि योग्य भाग कापून जोडायचे. शेवटच्या उतारासाठी दहा पट वेगाची आणखी एक प्रत काढून ठेवावी. ७५ वरून १० पर्यंतचा उतार त्या प्रतीवर करायचा, दहाच्या खाली मूळ चित्रीकरणावर. ७५ पटीची प्रत घेऊन ती संथ करू नये. तिच्यात मधल्या फ्रेम उरलेल्याच नसतात, त्यामुळे त्याच फ्रेम पुन्हा पुन्हा दिसतात.

कमांड लिहायची नसेल तर साध्या एडिटिंगमध्ये थर रचूनही हेच करता येते. एकच क्लिप चार ट्रॅकवर एकावर एक ठेवायची, प्रत्येक वरची एक फ्रेम पुढे सरकवायची. पारदर्शकता खालून वर अशी द्यायची : १००, ५०, ३३, २५ टक्के. सगळ्यांना २५ दिले तर चुकते, कारण वरचा थर खालच्याला झाकतो. दुसऱ्या थराने निम्मा वाटा घेतला, तिसऱ्याने एकूणाचा एक तृतीयांश, चौथ्याने एक चतुर्थांश, तेव्हा चारही समसमान होतात. हा गठ्ठा चार पट वेगाने, फ्रेम सरळ वगळत, एक्स्पोर्ट करायचा. त्या फाइलवर पुन्हा तीच क्रिया केली की १६ फ्रेमचे मिश्रण, तिसऱ्या खेपेला ६४ चे. दर खेपेला फाइल दहा बिटांच्या आणि कमी दाबलेल्या स्वरूपात ठेवावी, नाहीतर आकाश किंवा रांगोळीच्या फिक्या छटांमध्ये पट्टे उमटू लागतात.

कुठे बिनसते

बहुतेक दोष एडिटिंगमध्ये नसतात, ते चित्रीकरणातून येतात. त्यातला पहिला म्हणजे शटरचा वेग. उन्हात मोबाइल आपोआप शटर खूप वेगवान करतो, १/१००० किंवा त्याहून जास्त. सामान्य व्हिडिओत ते कळत नाही. मिसळल्यावर मात्र हाताचे धुके न होता एकाच हाताच्या आठ-दहा स्वच्छ प्रती शेजारी शेजारी दिसतात. कारण दोन फ्रेमच्या मधला बहुतेक काळ कॅमेऱ्याचा डोळा मिटलेला होता. शंभर फ्रेम मिसळणार असाल तर प्रती इतक्या होतात की त्या आपोआप एकमेकींत विरघळतात. चार-आठच मिसळणार असाल तर मात्र शटर १/५० वर बांधावा आणि उजेड जास्त असल्यास भिंगावर गडद एनडी फिल्टर लावावा. १/५० निवडण्याचा आणखी एक फायदा आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अनेक दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. १/५० सेकंदात असे दोन पूर्ण चढउतार नेमके मावतात, म्हणून प्रत्येक फ्रेमला सारखा उजेड मिळतो. १/६० ठेवले तर चित्रावर पट्टे सरकताना दिसू शकतात.

दुसरा दोष ‘ऑटो’चा. ढग आला, कॅमेऱ्याने उजेड सावकाश वाढवला. एखादी केशरी साडी समोरून गेली, त्याने रंगाचे संतुलन थोडे बदलले. खऱ्या वेगात हे बदल इतके हळू असतात की दिसत नाहीत. दोनशे पट वेगात अर्ध्या मिनिटाचा बदल तीन-चार फ्रेममध्ये उरकतो आणि फिल्म धडधडू लागते. सरासरीने एका फ्रेमच्या आतले चढउतार दबतात, त्याहून लांबचे नाही. म्हणून रेकॉर्डिंग सुरू करण्यापूर्वी फोकस, उजेड आणि रंग तिन्ही कुलूपबंद करावेत.

तिसरा दोष हलण्याचा. तिवईजवळून लोक चालले, वारा सुटला, की चित्र किंचित डुलते. फ्रेम वगळल्या असत्या तर ते थरथरताना दिसले असते. मिसळल्यावर थरथर जाते, पण तिच्या बदल्यात सगळे चित्र थोडे फोकसबाहेर गेल्यासारखे होते. ओळखण्याची खूण अशी की एकही न हलणारी वस्तू, उदाहरणार्थ फरशीची सांध, स्वच्छ दिसत नाही. चित्र स्थिर करण्याचे काम मिसळण्याच्या आधी करावे लागते. एकदा सरासरी झाली की हरवलेली रेघ परत येत नाही.

चौथा दोष खास मोबाइलचा. अनेक मोबाइल फ्रेमचा वेग कायम ठेवत नाहीत. उजेड कमी झाला की सेकंदाला ३० च्या जागी २४ किंवा त्याहून कमी फ्रेम घेतात. आपला हिशोब फ्रेम मोजून चालतो, त्यामुळे तिथे वेग गुपचूप बदलतो. आधी मूळ फाइल स्थिर वेगाला आणून घ्यावी. वरच्या ओळीत सगळ्यात आधी `fps=25,` जोडले तरी भागते.

एक दोष जोडावर दिसतो. मिसळलेला भाग दाण्यांपासून मुक्त असतो, आणि खऱ्या वेगातले शेवटचे चार सेकंद दाणेदार. वेग सुरेख उतरला तरी चित्राचा पोत एकदम बदलतो. त्या चार सेकंदांवर दाणे कमी करणारा फिल्टर हलक्या हाताने लावला की सांधा लपतो. आवाज मात्र तिथेच परत आणावा.

दिव्यांचे वेगळे गणित

रांगोळी दिवसा काढली तर साधी सरासरी चालते. रात्रीच्या रस्त्याचा टाइमलॅप्स करायचा असेल, गाड्यांच्या दिव्यांच्या लांब रेषा हव्या असतील, तर हीच सरासरी फसवते. दिवे जवळजवळ नाहीसे होतात.

कारण असे. व्हिडिओच्या फाइलमधले आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात. अंधाऱ्या छटांना जास्त आकडे मिळावेत म्हणून ते मुद्दाम वाकवून साठवलेले असतात. काळ्या रस्त्यावरून एक दिवा गेला आणि शंभरपैकी एकाच फ्रेममध्ये एका ठिपक्यावर २५५ हा पूर्ण पांढरा आकडा आला, बाकी ९९ फ्रेममध्ये शून्य. आकड्यांची सरासरी येते अडीच, पडद्यावर म्हणजे काळेच. पण प्रकाशाची खरी सरासरी, एक टक्का, पुन्हा फाइलच्या भाषेत लिहिली तर आकडा येतो साधारण २५. खऱ्या कॅमेऱ्याने शटर तेवढा वेळ उघडे ठेवले असते तर हीच फिकी पण दिसणारी रेघ उमटली असती, किंबहुना आणखी उजळ, कारण २५५ च्या वरचा झगमगाट फाइलमध्ये मुळात कापलेला असतो.

म्हणून रात्रीच्या कामात आकडे आधी प्रकाशाच्या प्रमाणात सरळ करून मग सरासरी काढण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये असेल तर ती वापरावी. नसेल तर सरासरीऐवजी प्रत्येक ठिपक्याचा सर्वांत उजळ आकडा ठेवणारे मिश्रण निवडावे. थरांच्या यादीत ते `Lighten` नावाने असते. दिव्यांच्या रेषा अखंड येतात. याची किंमत म्हणजे दाणेही सर्वांत उजळ तेच निवडले जातात, आणि आकाश राखाडी होऊ लागते. म्हणून हे मिश्रण थोड्या फ्रेमचेच करावे.

केव्हा करू नये

हे सगळे करायला जागा आणि वेळ लागतो. सेकंदाला २० मेगाबिट अशा मध्यम दर्जाच्या रेकॉर्डिंगची ३ तास २० मिनिटे म्हणजे सुमारे ३० जीबी. अनेक कॅमेरे अर्ध्या तासाला थांबतात किंवा फाइलचे तुकडे पाडतात, मोबाइल तापतो, बॅटरी संपते. जिथे हालचाल दिवसांत मोजायची असते, म्हणजे रोपाची वाढ, इमारतीचे बांधकाम, धरणातली पाण्याची पातळी, तिथे सलग व्हिडिओ काढण्यात अर्थ नाही. तिथे अंतर ठेवून फोटो घेण्याची फाळक्यांची रीतच बरोबर. सलग चित्रीकरण तिथे करावे, जिथे हळू बदलणाऱ्या वस्तूसमोर माणसांचे हात भरभर चालतात आणि कोणता क्षण महत्त्वाचा ठरेल हे आधी सांगता येत नाही : रांगोळी, मूर्तिकाम, मंडपाची उभारणी, स्वयंपाकघर.

काम सुरू करणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते. पूर्ण फिल्म रेंडर करायला बसण्याआधी रंग भरण्याची दहा-पंधरा मिनिटे निवडा आणि त्याच्या तीन छोट्या प्रती काढा : एक फ्रेम वगळून, एक निम्म्या मिसळून, एक सगळ्या मिसळून. तिन्ही एकामागून एक पाहा, मग प्रमाण ठरवा. आणि अंतिम फिल्म पसंत पडेपर्यंत मूळ चित्रीकरण पुसू नका. वगळलेली फ्रेम मूळ फाइलमधून केव्हाही परत घेता येते, पण सरासरीत गेलेली फ्रेम वेगळी काढता येत नाही.